जावक क्रमांक सत्तेचाळीस

नाशिकरोडच्या अलकनंदा सोसायटीत मोरेश्वर उपासनींना कुठलंही पद नव्हतं. अध्यक्ष वेगळे, सेक्रेटरी वेगळा, खजिनदार वेगळा. पण जिन्याखाली काचेचा जो सूचना फलक होता, त्याच्या कुलपाची किल्ली उपासनींच्या जानव्याला होती, आणि त्या काचेआड अकरा वर्षांत एकही कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय लागला नव्हता. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, भजनी मंडळात जातात. उपासनींनी सोसायटीचं जावक रजिस्टर घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. छत्तीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत जावक असून असून किती असणार! पण रजिस्टर होतं, त्यावर तपकिरी कागदाचं कव्हर होतं, आणि कव्हरवर वळणदार अक्षरात साल होतं.

सूचना हाताने लिहायची हा त्यांचा हट्ट. अक्षर मोत्यासारखं वगैरे नव्हतं, पण लांबून, चष्म्याशिवाय आणि घाईतसुद्धा वाचता येईल असं सरळ होतं. वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक, मध्ये 'विषय', मग मजकूर, खाली सेक्रेटरीची सही आणि गोल शिक्का. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. टाचणी तिरकी लागली तर ते पुन्हा लावत.

पूर्वी सूचना लिहिणं सोपं होतं. सेक्रेटरी तोंडी सांगायचा आणि उपासनी लिहायचे. हल्ली सेक्रेटरी ललित कटारिया. सिन्नर फाट्याला त्याचं हार्डवेअरचं दुकान. माणूस वाईट नाही, पण बोलायला वेळ नाही. मोबाइलवर जे येईल ते तसंच्या तसं उपासनींकडे ढकलायचा आणि खाली लिहायचा, 'काका, बोर्डवर टाका.' मग पाण्याच्या बातमीत सात नळ, चार रडकी तोंडं, दोन आगीचे लोळ, आणि सगळा मजकूर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, जणू कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरून ओरडतंय. उपासनी ते चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाजवळ धरून वाचत आणि कोऱ्या कागदावर तीनच गोष्टी काढून घेत: कोणत्या वारी, किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत. बाकी सगळा कचरा.

"एवढ्या नळांतून तीन थेंब निघाले," असं ते नलिनीताईंना सांगायचे. नलिनीताई म्हणजे त्यांची बायको. त्या भाजी निवडता निवडता हसायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून थेंब किती निघाले ते ऐकायला घरात कुणी नव्हतं, म्हणून असेल, पण उपासनी सूचनेवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ घालवू लागले होते. बिचाऱ्याचा दिवस त्यात बरा जायचा.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. घरोघरी दिवाळीची आवराआवर सुरू झाली होती, गॅलऱ्यांतून गाद्या लोंबत होत्या. सकाळी नऊला कटारियाचा निरोप आला. वर तीन लाल भोंगे. मग दोन कवट्या, एक घाबरलेलं बाळ, पोलिसाचं एक तोंड. मजकूर अर्धा हिंदी, अर्धा इंग्रजी, तोही सगळा कॅपिटलमध्ये. सावधान, सावधान, सावधान. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया घरात येतात, घरात कोण कोण आहे ते बघून जातात आणि मग त्यांची टोळी येऊन घर साफ करते. एका कॉलनीत म्हणे असंच झालं. पोलिसांनीच सांगितलंय म्हणे. आपल्या माणसांना वाचवा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. शेवटी जोडलेले नऊ हात. आणि सगळ्यांच्या वर, बारीक करड्या अक्षरांत, दोन बाणांची ती खूण: अनेकदा पुढे पाठवलेला.

खाली कटारियाचं नेहमीचं, 'काका, बोर्डवर टाका. दिवाळीचे दिवस आहेत.'

उपासनींनी चहा बाजूला सारला आणि कागद पुढे ओढला. माणूस कामाला बसला की कसा खुलतो ते त्यांच्याकडे बघावं. भोंगे काढले. कवट्या काढल्या. बाळ काढलं, पण त्याच्या जागी 'विशेषतः ज्येष्ठ नागरिक व लहान मुले असलेल्या कुटुंबांनी' हे आलं. 'म्हणे' काढलं, कारण सूचनेत म्हणे नसतं. 'एका कॉलनीत' म्हणजे कुठल्या, ते दिलेलं नव्हतं, म्हणून 'शहरातील काही वसाहतींत' केलं. पोलिसांचं त्यांना खात्रीनं माहीत नव्हतं. खात्री नसलेलं लिहायचं नाही हा चौतीस वर्षांचा नेम, तेव्हा पोलिस गाळले आणि तिथे घातलं, 'असे निदर्शनास आले आहे.' निरोपावर तारीख नव्हती. सूचनेला तारीख लागतेच, म्हणून आजची टाकली. दोन बाणांची खूण कागदावर काढता येत नाही. ती आपोआपच गेली.

सगळं झाल्यावर ते पुन्हा वाचायला लागले आणि कुठेतरी अडखळले. निरोपात नुसतं सावध राहा म्हटलं होतं. नुसतं सावध राहा ही काय सूचना झाली? कुणी, काय करायचं, ते सूचनेत असायलाच हवं; नाहीतर वरिष्ठ कागद परत पाठवत आणि समासात 'मग काय?' असं लाल शाईने लिहीत. उपासनींच्या पहिल्या साहेबाने त्यांना तो 'मग काय?' इतक्या वेळा लिहिला होता की त्यांच्या हाडात मुरला होता. त्यांनी पेन उचललं आणि शेवटची ओळ स्वतःच्या पदरची घातली: 'सबब, जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणींना संस्थेच्या आवारात प्रवेश देऊ नये. पहारेकऱ्याने याची नोंद घ्यावी.'

आता सूचना पुरी झाली. जावक क्रमांक सत्तेचाळीस.

ही ओळ लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकही बोहारीण आली नाही, आणि खरी चूक ती हीच. त्यांच्या डोळ्यांपुढे समास आला, सबबनंतरचा स्वल्पविराम आला. बोहारणी म्हणजे कोण, त्यातली एक कोण, हे त्या माणसाला इतकं ठाऊक होतं की आठवायचीही गरज नव्हती. तरीही आठवलं नाही.

दुपारपर्यंत सूचनेचं कौतुक झालं. कटारियाने शिक्का मारताना म्हटलं, "काका, मी पाठवलं होतं तेव्हा मलाच खरं वाटलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत आणि वाटलं." उपासनींनी हे शाबासकीसारखं घेतलं आणि संध्याकाळपर्यंत जपलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सबनीसबाईंनी फलकाचा फोटो काढला आणि बहिणीच्या सोसायटीला पाठवला. अकरा वर्षांत त्यांच्या सूचनेचा फोटो कुणी काढला नव्हता.

गुरुवारी सकाळी उपासनी दूध घेऊन परतत होते, तर फाटकाशी आवाज चढलेला. पहारेकरी भिवसन दांडा आडवा धरून उभा. यंदाच्या पावसाळ्यात लागलेला, परभणीकडचा, सरळ गडी. आणि समोर डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, अशी रूखीबाई.

रूखीबाईंना अलकनंदात येऊन वीस वर्षं झाली होती. दिवाळीआधी एकदा, मग उन्हाळ्यात एकदा. 'भांडीऽऽय' अशी हाक जिन्याखाली आली की नलिनीताई हातातलं काम टाकून कपाट उघडायच्या. मग दोघींची तासभर घासाघीस चाले; रूखीबाई नलिनीताईंना 'बेन' म्हणायची. दोन पँटी आणि एक साडी यात डबा येतो की पातेलं, यावर रुसवेफुगवे होत, रूखीबाई उठून जिन्यापर्यंत जाई, नलिनीताई जाऊ देत, मग ती परत येई. शेवटी चहा व्हायचा. कान तुटलेला एक कप तिचा ठरलेला होता. ती तोच मागून घ्यायची.

"साहेब, याला सांगा ना," उपासनी दिसताच ती म्हणाली. "नवीन आहे, ओळखत नाही. म्हणतो आत जायचं नाही, तुझ्यावर कागद निघालाय."

भिवसनने फलकाकडे बोट केलं. "मी कशाला अडवू? काकांनीच लिहिलंय. पहारेकऱ्याने नोंद घ्यावी म्हणून लिहिलंय. मी घेतली."

रूखीबाईंनी पाटी उतरवली नाही. तशीच मान न हलवता फलकाकडे बघत म्हणाली, "मला वाचता येत नाही. काय लिहिलंय?"

भिवसनने वाचून दाखवलं, एकेक शब्द चांगला खणखणीत. अक्षर सरळ होतं, लांबून वाचता येत होतं.

"निदर्शनास आलं म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी पाहिलं," भिवसन म्हणाला.

"कुणी?" तिने उपासनींना विचारलं. "साहेब, कुणी पाहिलं?"

आता इथे एक वाक्य पुरलं असतं. भिवसन, या बाईंना मी ओळखतो, सोड. एवढंच. फाटक उघडलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण सबनीसबाई गॅलरीतून बघत होत्या, दोघं तिघं कामाला निघता निघता थांबले होते, आणि आपणच लिहिलेली सूचना दोन दिवसांत आपणच मोडायची हे उपासनींना जमेना. त्यांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कमिटीचा निर्णय आहे," ते म्हणाले.

रूखीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तरी बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बेन असत्या तर खाली आल्या असत्या," आणि वळली. पाटीतली भांडी चालताना वाजत होती, ती कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

उपासनी वर आले. दूध तापवायला ठेवलं आणि ते उतू गेलं.

त्यांना जे अकरा पायऱ्या खाली आठवलं नाही, ते आता ओट्याशी उभं राहून आठवलं. मुग्धा, त्यांची मुलगी, तेव्हा दहावीत होती. तिची कानातली सोनाराकडून नीट करून आणली आणि पँटच्या आतल्या चोरखिशात ठेवून उपासनी विसरले. घरभर शोधाशोध, सोनाराला उलटसुलट प्रश्न, मुग्धाचं रडणं. आणि ती पँट तर आदल्याच दिवशी एका परातीच्या बदल्यात गेलेली. तिसऱ्या दिवशी भर उन्हात रूखीबाई आली. पाटी नव्हती, गाठोडं नव्हतं. नुसती कमरेची चंची सोडून तिने कागदाची पुडी नलिनीताईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, तुमच्या साहेबांना सांगा, देताना खिसे बघत जा. ती देवळालीगावाच्या पलीकडून, रिक्षाही न करता चालत आली होती. कान तुटलेल्या कपाची सुरुवात त्या दिवसापासूनची.

हे ज्याच्या घरात घडलं, त्यानेच बोहारणींना प्रवेश देऊ नये असं लिहिलं. उपासनी खुर्चीत बसले आणि बराच वेळ दुधाने माखलेली शेगडी पुसायला उठले नाहीत. आपण खोटं लिहिलं नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. पटलं नाही. निदर्शनास आलं होतं ते कुणाच्याच नाही. एका माणसाच्या निदर्शनास काही खरोखर आलं होतं, तो स्वतः उपासनी, आणि त्याने पाहिलेलं नेमकं उलट होतं.

दुपारीच त्यांनी अठ्ठेचाळीस क्रमांकाची सूचना लिहिली. 'विषय: जावक क्रमांक ४७ ची सूचना रद्द करणेबाबत.' दुकानात गेले. कटारिया गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होता. त्याने कागद वाचला आणि मान हलवली. मागे घेतलं तर लोक म्हणतील कमिटीने न तपासता टाकलं, असं त्याचं म्हणणं.

"न तपासताच टाकलंय," उपासनी म्हणाले.

"काका, पण उद्या खरंच कुठे चोरी झाली तर? मग म्हणतील सूचना होती, ती याच लोकांनी काढली. राहू द्या ना. दिवाळी झाली की आपोआप कुणी बघणार नाही."

"दिवाळीच्या आधीच ती येते. नंतर कोण कपडे काढतं?"

कटारियाने ती कोण हे विचारलं नाही. सही करायला तीन दिवस घेतले आणि त्या तीन दिवसांत उपासनी चार वेळा दुकानात गेले. शेवटी, या म्हाताऱ्याला दुकानातून घालवण्यासाठी म्हणून असेल, त्याने शिक्का मारला. रविवारी सकाळी सत्तेचाळीसच्या टाचण्या निघाल्या आणि त्याच चार भोकांत अठ्ठेचाळीस लागली. भिवसनलाही उपासनींनी समोर उभं करून सांगितलं. सबनीसबाई खाली आल्या, वाचलं, आणि म्हणाल्या, "हे काय, एवढी चांगली सूचना काढून टाकलीत?" त्यांनी या कागदाचा फोटो काढला नाही. कुणीच काढला नाही. रद्द केलेल्या गोष्टीचा फोटो कोण काढतो?

सोमवारी मुग्धाचा पुण्याहून निरोप आला. वर पाच लाल भोंगे. 'अधिकृत सूचना, शंभर टक्के खरी,' कॅपिटल अक्षरांत. खाली नऊ जोडलेले हात. आणि मध्ये फोटो, फलकाचा, काचेवर सबनीसबाईंची सावली पडलेली. संस्थेचं नाव बोटाने झाकलं गेलं होतं; शिक्का मात्र स्वच्छ दिसत होता. सगळ्यांच्या वर करडी, दोन बाणांची ती खूण. खाली मुग्धाने लिहिलं होतं, 'बाबा, तुम्ही एकटे असता. दार उघडत जाऊ नका.'

उपासनींनी फोन लांब धरला, मग जवळ धरला. स्वतःचं अक्षर लांबूनही वाचता येत होतं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"ते अक्षर ओळखलंस का?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"माझं."

पलीकडे ती हसली, मग म्हणाली की अहो बाबा, मग तर खरंच असणार. आणि लगेच तिला काहीतरी आठवलं. "थांबा. भांडीवाली म्हणजे... आपली ती मावशी नाही ना? माझी कानातली आणून देणारी?"

मुग्धा आणखी दोनदा बाबा, बाबा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ते अठ्ठेचाळीस नंबरची छायाप्रत घेऊन गल्लीतल्या सोसायट्यांच्या फाटकांवर फिरले. पाच सोसायट्या. प्रत्येक ठिकाणी पहारेकऱ्याने खिशातून मोबाइल काढून त्यांना त्यांचाच कागद दाखवला. एकाने तर तो फोटो छापून केबिनच्या काचेवर डकवला होता. उपासनींनी आपली छायाप्रत पुढे केली तर तो म्हणाला, "काका, हे तुमच्या सोसायटीचं रद्द झालंय. आमच्या इथे आमच्या सेक्रेटरीने सांगायला पाहिजे." बरोबरच बोलत होता. कुठल्या कागदाची सत्ता कुठपर्यंत चालते हे उपासनींनी त्याला शिकवावं असं काही नव्हतं. पण मग मूळ कागदाची सत्ता आपल्या फाटकाबाहेर कशी चालली, याचं उत्तर त्यांच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्यांनी नलिनीताईंचं कपाट उघडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मुग्धा येईल तेव्हा बघू, असं म्हणत राहिलं होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. वरच्या घडीत दोन साड्या होत्या, एक जांभळी, जरीच्या काठाची, एक मोतिया. नलिनीताईंनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. आजारपणात एकदा म्हणाल्या होत्या, रूखीबाई आली की या द्या, पण मोठं पातेलं घेतल्याशिवाय सोडू नका, ती फसवेल तुम्हाला. साड्या पिशवीत घालून ते रिक्षाने, रूखीबाई एरवी बसायची त्या जुन्या कपड्यांच्या बाजाराला गेले.

ती ओळीच्या शेवटी सापडली. ताडपत्रीवर पँटी एका ढिगात, शर्ट एका ढिगात. भांड्यांची पाटी मागे उपडी ठेवलेली, तिच्यावर ती बसली होती. शेजारी चार पातेली, दोन डबे. दिवाळीच्या तोंडावर तिच्याकडचा माल एव्हाना संपलेला असायचा. यंदा तो तसाच होता. तिने त्यांना ओळखलं आणि उठली नाही.

"बाई," उपासनी म्हणाले, "ती सूचना मी रद्द करून घेतली. आता तुम्ही या. तुम्हाला कुणी अडवणार नाही."

"तुमच्या फाटकावर नाही अडवणार."

"हो."

"तुमच्या फाटकासाठी मी एवढ्या लांब येत होते का, साहेब? ती अख्खी गल्ली मिळून माझा दिवस होता. एका घरासाठी पाटी उचलून कोण येईल?" ती रागावून बोलत नव्हती, हिशेब समजावल्यासारखं बोलत होती. "वॉचमन लोक चांगले आहेत. शिव्या देत नाहीत. फोन काढतात आणि तुमचा कागद दाखवतात."

उपासनींनी विचारलं, तुमच्याविषयी एक कागद लिहून देऊ का, म्हणजे फाटकांवर दाखवता येईल. मी वीस वर्षं ओळखतो असा. शिक्का मिळणार नाही, कटारिया देणार नाही, पण माझी सही असेल.

"मी चोर नाही असा कागद?"

"तसंच काही."

"तो घेऊन फिरायचं? दारोदार?" ती पहिल्यांदा हसली. "नको. तुमचं लिहिणं फार चांगलं असतं, साहेब. नको."

त्यांनी पिशवी पुढे केली. घाईघाईने म्हणाले की बेनच्या आहेत, त्यांनी तुमच्यासाठी काढून ठेवल्या होत्या, अशाच घ्या, मला काही नको. रूखीबाईंनी साडी बाहेर काढली, काठ बोटांत धरला, घडी उलगडून उन्हात बघितली. जांभळ्या साडीच्या पदरावर तिचा हात थोडा जास्त रेंगाळला. मग तिने पाटीशेजारचं सगळ्यात मोठं पातेलं उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

"अहो, नको. मी एकटा माणूस. एवढ्या पातेल्यात काय करू?"

"ते तुम्ही बघा. फुकट मी घेणार नाही," ती म्हणाली. "फुकट घेतलं की तुमचा कागद खरा होईल."

उपासनींनी पातेलं घेतलं. नलिनीताईंनी एक तास लावून, दोनदा रुसवून मिळवलं असतं, ते त्यांना नको म्हणत असताना मिळालं. माफी मागायची म्हणून ते आले होते. ती राहिलीच. पातेलं दोन्ही हातांत धरून माफी कशी मागतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तोपर्यंत एक गिऱ्हाईक पँटची लांबी विचारायला लागलं होतं.

रिक्षात पातेलं मांडीवर घेऊन ते बसले. आत त्यांचं तोंड दिसत होतं, आडवं, ताणलेलं. फाटकाशी उतरले तेव्हा भिवसन आकाशकंदिलाची तार ओढत होता. त्याने नव्या कोऱ्या पातेल्याकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, धनत्रयोदशीचं आजच का, काका, कुठल्या दुकानातलं?

"रूखीबाईंकडचं," उपासनी म्हणाले.

भिवसनने तार दाताखाली धरून जरा आठवून पाहिलं.

"कोण ती? नोटिशीतली का?"

उपासनी फलकाजवळ थांबले. काचेआड अठ्ठेचाळीस क्रमांक सरळ, चारी टाचण्यांत नीट बसलेला होता. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. सत्तेचाळीसमध्येही नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "नोटिशीतली."

आणि पातेलं भिंतीला लागू नये म्हणून अंगाशी धरून ते जिना चढू लागले.